ढोकीच्या उन्हात ऑफिसला काच लावताय? दुकानदाराला आधी हे तीन आकडे विचारा

पतसंस्था असो, दवाखाना असो की खताच्या कंपनीचं ऑफिस, नवीन इमारत म्हटली की समोरची बाजू काचेची हवी, असा आग्रह आता तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांतही दिसतो. लातूर-बार्शी रस्त्यावरचं, तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं धाराशिव जिल्ह्यातलं ढोकीही त्याला अपवाद कसं असेल?

काच निवडताना चर्चा मात्र बहुतेक वेळा रंगावर होते. निळी बरी की हिरवी? बाहेरून आरशासारखी चमकणारी घ्यायची का? पाच एमएम की सहा? या प्रश्नांच्या उत्तरावरून खोली किती तापेल, हे कळत नाही. ते कळतं तीन आकड्यांवरून. हे आकडे काच कंपन्यांच्या माहितीपत्रकात छापलेले असतात, पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि विक्रेताही आपणहून सांगत नाही.

ते तीन आकडे कोणते, ढोकीसारख्या ठिकाणी त्यातला कुठला सर्वात महत्त्वाचा आणि एका ऑफिसचा प्रत्यक्ष हिशोब कसा होतो, ते पाहू.

तीन आकडे म्हणजे काय?

पहिला आकडा एसएचजीसी. मराठीत सौर उष्णता लाभ गुणांक. काचेवर पडलेल्या उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी किती हिस्सा आत उष्णता म्हणून येतो, ते हा आकडा सांगतो. तो 0 ते 1 च्या दरम्यान असतो. 0.80 म्हणजे शंभरातला 80 हिस्सा आत आला. यात काचेतून थेट आलेलं ऊन तर धरलेलं असतंच, शिवाय काच स्वतः तापून आत जी उष्णता सोडते तीही धरलेली असते.

दुसरा आकडा व्हीएलटी, म्हणजे दृश्य प्रकाश पारगमन. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापैकी किती आत येतो, हे त्यावरून कळतं. साध्या पारदर्शक काचेचा व्हीएलटी 0.88 च्या आसपास असतो. गडद आरसा काचेचा 0.20 किंवा त्याहूनही कमी असू शकतो.

तिसरा आकडा यू-व्हॅल्यू. याचा उन्हाशी थेट संबंध नाही. बाहेरची हवा आणि आतली हवा यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, ते हा आकडा दाखवतो. ऊन नसलं, रात्र असली, तरी ही उष्णता जात-येत राहते. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू सुमारे 5.7 असते. दोन काचांमध्ये हवेची पोकळी ठेवलेल्या साध्या दुहेरी काचेची सुमारे 2.8.

उन्हाची ऊर्जा म्हणजे फक्त उजेड नव्हे, आणि इथेच खरी गंमत आहे. साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. त्यामुळे उजेड आत घेऊन उष्णता बरीचशी बाहेर अडवणारी काच बनवता येते. अशा काचेवर चांदीचा अतिशय पातळ, डोळ्यांना जवळपास न दिसणारा थर दिलेला असतो. बाजारात तिला लो-ई काच म्हणतात. सगळ्या लो-ई काचा सारख्या नसतात. आपल्याकडे लागते ती ऊन अडवणारी, म्हणजे सोलर कंट्रोल लो-ई.

एका ऑफिसचा हिशोब

समजा, ढोकीत दोन मजली ऑफिस बांधायचं आहे. प्लॉटचं तोंड पश्चिमेला, रस्ता तिकडेच, त्यामुळे दर्शनी बाजूला 20 चौरस मीटर काच लावायची आहे. उन्हाळ्यातल्या एका दिवसाची दुपारी साडेचारची वेळ घेऊ. बाहेर 40 अंश, आत एसी लावून 26 अंश. फरक 14 अंशांचा. कलत्या उन्हात पश्चिमेच्या उभ्या काचेवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 600 वॅट ऊर्जा पडते, असं धरू.

हिशोबाच्या दोनच पायऱ्या आहेत.

उन्हाची उष्णता = एसएचजीसी × क्षेत्रफळ × पडणारं ऊन

हवेतल्या फरकाची उष्णता = यू-व्हॅल्यू × क्षेत्रफळ × तापमानातला फरक

आता साधी एकेरी काच घेऊ. एसएचजीसी 0.82. उन्हातून येणारी उष्णता 0.82 × 20 × 600, म्हणजे 9,840 वॅट. हवेतल्या फरकामुळे येणारी 5.7 × 20 × 14, म्हणजे सुमारे 1,600 वॅट. दोन्ही मिळून 11.4 किलोवॅट. एक टनाचा एसी साधारण 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे फक्त या काचेतून येणारी उष्णता काढायला सव्वातीन टनांचा एसी लागला. माणसं, कॉम्प्युटर, छत यांची उष्णता अजून धरलेलीच नाही.

याच पद्धतीने चार प्रकारच्या काचांचा हिशोब खाली दिला आहे. आकडे त्या प्रकारच्या काचेत साधारणपणे आढळणारे आहेत, प्रत्यक्ष कंपनी आणि मॉडेलनुसार ते बदलतात.

| काच | एसएचजीसी | व्हीएलटी | यू-व्हॅल्यू | आत येणारी उष्णता |
|---|---|---|---|---|
| साधी एकेरी | 0.82 | 0.88 | 5.7 | 11.4 किलोवॅट |
| साधी दुहेरी | 0.70 | 0.79 | 2.8 | 9.2 किलोवॅट |
| गडद आरसा, एकेरी | 0.40 | 0.20 | 5.6 | 6.4 किलोवॅट |
| सोलर कंट्रोल लो-ई, दुहेरी | 0.27 | 0.45 | 1.7 | 3.7 किलोवॅट |

डबल काच लावली की गारवा, हे खरं का?

तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी पाहा. साध्या दुहेरी काचेची यू-व्हॅल्यू एकेरी काचेच्या निम्मी आहे. तरी उष्णता 11.4 वरून 9.2 वरच आली. म्हणजे पाचवा हिस्साही कमी झाला नाही. कारण सरळ आहे. या भिंतीवर आत येणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग उन्हातून येतोय, आणि साध्या दुहेरी काचेतूनही 70 टक्के ऊन आत येतंच.

दुहेरी-तिहेरी काचेचा बोलबाला आला तो थंड देशांतून. जर्मनी किंवा कॅनडात हिवाळ्यात बाहेर शून्याखाली आणि घरात 20-21 अंश असा फरक महिनोन् महिने टिकतो. तिथे यू-व्हॅल्यू कमी हवी, आणि ऊन जितकं आत येईल तितकं चांगलंच. ढोकीत उलट आहे. तापमानातला फरक ऐन उन्हाळ्यातही पंधरा अंशांच्या आसपास, आणि ऑफिसच्या वेळेत ऊन आत यावं असं हिवाळ्यातल्या दुपारीही वाटत नाही. म्हणून इथल्या पश्चिमेच्या, पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या काचेसाठी पहिला प्रश्न एसएचजीसीचा. यू-व्हॅल्यू त्यानंतर.

मग गडद काच का नको?

तिसऱ्या ओळीतली गडद आरसा काच उष्णता बरीच अडवते, पण उजेडही अडवते. शंभरातला 20 हिस्साच उजेड आत आला, तर खिडकीपासून थोडं आत बसलेल्या माणसाला दिवसभर ट्यूबलाइट लावावी लागते. बाहेर लख्ख ऊन आणि आत लाइट चालू, असं दृश्य अशाच इमारतींत दिसतं. त्या दिव्यांचीही उष्णता होते आणि ती पुन्हा एसीलाच काढावी लागते.

आरसा काचेबद्दल आणखी एक गैरसमज आहे. तिच्यातून बाहेरच्याला आतलं दिसत नाही, असं मानतात. पण आरशाची बाजू नेहमी जास्त उजेडाकडे असते. रात्री आत दिवे लागले आणि बाहेर अंधार झाला की सगळं उलटतं. रस्त्यावरून आतलं स्पष्ट दिसतं आणि आतल्याला बाहेरचं काही दिसत नाही.

म्हणून व्हीएलटीला एसएचजीसीने भागून पाहायची पद्धत आहे. जितकी उष्णता आत घेतली, तिच्या बदल्यात उजेड किती मिळाला, हे त्यातून कळतं. गडद काचेचं उत्तर येतं 0.5. साध्या काचेचं 1.07. लो-ई दुहेरी काचेचं जवळपास 1.67. दोन कोटेशनमध्ये एसएचजीसी सारखाच असेल, तर ज्या काचेचा हा भागाकार मोठा, ती चांगली.

सरकारी नियम काय सांगतो?

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2017 मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, नव्या रूपात आणली. ती मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. विजेचा जोडभार 100 किलोवॅट किंवा मागणी 120 केव्हीए यापुढे असेल, तिथे ती लागू होते. गावातलं दोन मजली ऑफिस बहुधा त्यात बसणार नाही. तरी तिचे आकडे चांगली मोजपट्टी म्हणून वापरता येतात.

या संहितेत ढोकीच्या बाजूचं मोठं शहर सोलापूर 'उष्ण व कोरड्या' हवामानात येतं. अशा हवामानात काच आणि चौकट मिळून यू-व्हॅल्यू 3 पेक्षा जास्त नसावी, एसएचजीसी 0.27 पेक्षा जास्त नसावा आणि व्हीएलटी 0.27 पेक्षा कमी नसावा, असं ती सांगते. भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात काच 40 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, हीही अट आहे.

उत्तर दिशेला मात्र सूट आहे. 15 अंश अक्षांशाच्या उत्तरेला असलेल्या ठिकाणी उत्तरेच्या काचेचा एसएचजीसी 0.50 पर्यंत चालतो. ढोकी साधारण 18.35 अंशांवर आहे, त्यामुळे ही सूट इथे लागू पडते. उत्तरेच्या भिंतीवर वर्षातला बराच काळ थेट ऊन येतच नाही, हे त्यामागचं कारण.

दक्षिणेला छज्जा, पश्चिमेला काय?

काचेवर पैसे घालण्याआधी ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं स्वस्त पडतं. पण हे प्रत्येक दिशेला सारखं जमत नाही.

दक्षिणेला ते सोपं आहे. ढोकीच्या अक्षांशावर 21 मार्च ते 23 सप्टेंबर या काळात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडलंच, तर ते खूप उंचावरून पडतं. खिडकीच्या उंचीच्या एक तृतीयांश लांबीचा छज्जा ते अडवतो. म्हणजे दीड मीटर उंच खिडकीला अर्ध्या मीटरचा छज्जा, आणि तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडा पुढे गेलेला हवा. ऑक्टोबरचा उकाडाही टाळायचा असेल, तर तोच छज्जा पाऊण मीटर केला की दुपारचं बरंचसं ऊन अडतं.

पश्चिमेला छज्जा हरतो. एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम 31-32 अंशांवर असतो आणि पश्चिमेच्या खिडकीकडे जवळपास समोरून पाहतो. तेव्हा त्याच दीड मीटरच्या खिडकीवर पूर्ण सावली पाडायला सुमारे अडीच मीटरचा छज्जा लागेल. तितकी तर पडवीच झाली. म्हणून पश्चिमेला खरोखर पडवी, बाहेरून जाळी किंवा उभे पडदे, नाहीतर कमी एसएचजीसीची काच आणि मुळात कमी काच, एवढेच उपाय उरतात.

आतून लावलेला पडदा डोळ्यांवर येणारं ऊन थांबवतो, पण उष्णता तोवर काच ओलांडून आत आलेली असते. पडदा तापतो आणि खोलीच तापवतो.

त्याच ऑफिसची दुसरी मांडणी

आता पुन्हा आपल्या ऑफिसकडे. 20 चौरस मीटर काच हवीच आहे, पण ती सगळी पश्चिमेलाच असायला हवी असं नाही. समजा पश्चिमेला फक्त 8 चौरस मीटर ठेवली, लो-ई दुहेरी. बाकीची 12 चौरस मीटर उत्तरेला नेली, तिथे साधी दुहेरी काच लावली.

पश्चिमेच्या 8 मीटरमधून उन्हाचे 0.27 × 8 × 600, म्हणजे सुमारे 1,300 वॅट आणि फरकाचे 190. मिळून दीड किलोवॅट.

उत्तरेला थेट ऊन नाही, फक्त आकाशाचा आणि आजूबाजूचा उजेड. तो प्रति चौरस मीटर 120 वॅट धरू. 0.70 × 12 × 120 म्हणजे सुमारे 1,000 वॅट. फरकाचे 2.8 × 12 × 14, म्हणजे 470. मिळून पुन्हा दीड किलोवॅट.

एकूण 3 किलोवॅट. सगळीकडे साधी काच लावून पश्चिमेला ठेवली असती तर 11.4 झाले असते, सगळी महागडी काच पश्चिमेला लावली असती तरी 3.7. काचेच्या जागी आलेल्या पश्चिमेच्या वीट भिंतीतून काही शे वॅट येतील, ते धरले तरी आकडा 3.7 च्या वर जायचा नाही. आणि महागडी काच 20 ऐवजी 8 चौरस मीटरच लागली. शिवाय उत्तरेचा उजेड डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे पडदे उघडे राहतात.

उत्तरेच्या हिशोबात एक गोष्ट बदललेली दिसेल. तिथे थेट ऊन नसल्यामुळे यू-व्हॅल्यूचा वाटा मोठा झाला. तिथे साधी एकेरी काच लावली असती, तर फरकातूनच 960 वॅट आले असते, म्हणजे दुप्पट. प्रत्येक दिशेला एकच काच लावू नये, ती यासाठीच.

उत्तरेबद्दल एक सावधगिरी. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ढोकीत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या काचेवर येतं. मेअखेरीस ते जाणवतं. खिडकीच्या कडेला उभी भिंतपट्टी काढली की बरंचसं अडतं.

फसगत कुठे होते?

पहिली गडबड शब्दांत. काही पत्रकांवर एसएचजीसीऐवजी शेडिंग कोएफिशंट लिहिलेला असतो. त्याला 0.87 ने गुणलं की एसएचजीसी येतो. दोन कोटेशन वेगवेगळ्या मापात असतील, तर तुलना चुकते. 'अवरक्त किरण 95 टक्के अडवते' अशी जाहिरात असेल, तर ते फक्त अवरक्त भागाचं झालं. उजेडातूनही उष्णता येते. म्हणून एसएचजीसी किती, हे विचारावंच.

दुसरी गडबड चौकटीची. पत्रकातली यू-व्हॅल्यू बहुधा काचेच्या मध्यभागाची असते. ॲल्युमिनियमच्या साध्या सेक्शनमधून उष्णता भराभर जाते, त्यामुळे पूर्ण खिडकीची यू-व्हॅल्यू 1.7 च्या बरीच वर जाते. चौकटीसकट आकडा मागावा.

तिसरी गडबड सगळ्यात महागात पडते, ती म्हणजे दुहेरी काच उलटी बसवणं. दुहेरी काचेला चार पृष्ठभाग असतात. बाहेरून मोजलं, तर ऊन अडवणारा थर दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला हवा. युनिट उलटं बसलं की हा थर तिसऱ्या पृष्ठभागावर जातो, ऊन आधी पोकळीत शिरतं आणि एसएचजीसी वाढतो. बाहेरून पाहून ते ओळखू येत नाही.

पण तपासायला सोपं आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर बाहेर उभं राहून काचेजवळ काडी किंवा लायटर पेटवा आणि थोडं तिरपं पाहा. काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं, तोच थर. ते तुमच्या बाजूने दुसरं असेल तर काच बरोबर बसली आहे. तिसरं असेल, तर बिल देण्याआधी ठेकेदाराला बोलवा. चारही एकाच रंगाची दिसली, तर लो-ई म्हणून साधी काच आली असण्याची शक्यता आहे.

ढोकीत लक्षात ठेवायचं

वीज गेली की बंद काचेचं ऑफिस तासाभरात भट्टी होतं. कमी यू-व्हॅल्यूची काच अशा वेळी उलट त्रास देते, कारण आत साठलेली उष्णता ती लवकर बाहेर जाऊ देत नाही. म्हणून काचेचा काही भाग उघडता येणारा हवाच, शक्यतो समोरासमोर.

मराठवाड्यात गारपीट नवी नाही. उघड्या दर्शनी बाजूची काच टफन असावी. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, आणि दुहेरी युनिट मापाप्रमाणे बनवूनच येतं. त्यामुळे चौकट बसल्यावर माप घेऊन ऑर्डर द्यावी, आणि सगळ्या खिडक्या शक्यतो एकाच मापाच्या ठेवाव्यात. एखादी फुटली तर एकाच मापाचं जादा युनिट कामी येतं.

दुहेरी काचेच्या आत वाफ किंवा धुकं दिसू लागलं, तर कडेचं सील गेलं आहे. ते पुसता येत नाही, युनिटच बदलावं लागतं. कोटेशनमध्ये सीलची वॉरंटी किती वर्षांची, हे लिहून घ्यावं.

आणि त्याच कागदावर प्रत्येक दिशेच्या काचेसमोर तीन रकाने असावेत. एसएचजीसी, व्हीएलटी आणि चौकटीसकट यू-व्हॅल्यू. रंगाचा रकाना त्यानंतर.